पहिल्या गृहकर्जाचा करार एका पानावर कसा उतरवायचा

प्रश्न: माझं पहिलंच कर्ज आहे. घरासाठी ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के फ्लोटिंग, हप्ता २६,०३५ रुपये, असं मंजुरीपत्रात आहे. सहीसाठी बँकेने जाडजूड इंग्रजी करार हातात दिलाय. दोनदा वाचला, डोक्यात काही राहत नाही. व्याज, फी, दंड आणि परतफेड एवढंच एका पानावर कसं काढू? काय लिहू आणि काय सोडू?

उत्तर:

करार पहिल्या कलमापासून वाचत सारांश काढायला बसलात तर तिसऱ्या वेळीही हेच होईल. हा कागद बँकेच्या विधी विभागाने बँकेचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून लिहिलेला असतो आणि त्याची मांडणीही तशीच असते. आधी चार-पाच पानं व्याख्या, मग बँकेचे अधिकार, मग तुमच्या हमी. तुमच्या खिशाशी संबंध असलेला प्रत्येक आकडा 'परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे' एवढं म्हणून शेवटच्या पानांवर ढकललेला. म्हणून सुरुवात शेवटाकडून करा. परिशिष्ट उघडा आणि त्याच्या शेजारी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचे मुख्य आकडे आणि अटी सांगणारं पत्रक, थोडक्यात केएफएस, ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आहे. तुमचं इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे, त्यासाठी संकोच करू नका. त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस बँकेवर बंधनकारक राहतात, तेव्हा 'आजच सही करा, नाहीतर दर बदलेल' या घाईला बळी पडायचं कारण नाही.

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं आणि आता कर्जदारांना कागद वाचून देतो. सारांश काढताना मी कलमांचा क्रम पाळत नाही. कर्जाच्या आयुष्यात चार प्रसंग येतात: पैसे हातात येतात, दर बदलतो, एखादा हप्ता चुकतो, आणि पैसे लवकर फेडावेसे वाटतात. प्रत्येक प्रसंगात माझे किती रुपये जातात आणि निर्णय कोण घेतं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर करारातून शोधायचं. ज्या कलमाने यातलं काहीच बदलत नाही ते सोडून द्यायचं. तुमच्याच कर्जावर हे करून दाखवतो.

पहिला प्रसंग, पैसे हातात येतात तेव्हाचा. इथे दोन दर दिसतील. एक व्याजदर, तुमचा ८.५ टक्के. दुसरा एपीआर, म्हणजे व्याजात इतर सगळे खर्च मिसळून येणारा वार्षिक दर. बँकेने तुमच्याकडून वसूल केलेली प्रक्रिया फी, कायदेशीर तपासणीचा खर्च, बँकेमार्फत जाणारा विम्याचा हप्ता हे सगळं त्यात धरायचं असतं. समजा प्रक्रिया फी अर्धा टक्का आहे, म्हणजे १५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,७००, एकूण १७,७००. एवढाच खर्च असेल तर तुमचा एपीआर ८.५८ च्या आसपास येईल. वीस वर्षांच्या कर्जात फीचा परिणाम इतकाच असतो. त्यामुळे प्रक्रिया फीवर घासाघीस करण्यात सगळी ताकद घालवू नका.

पण केएफएसमध्ये एपीआर ९ च्या जवळ दिसला तर थांबा. यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: कर्जासोबत दिलेली जीवन विमा पॉलिसी, जिचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळलेला असतो. समजा तो ९०,००० आहे. मंजुरी ३० लाख ९० हजारांची होते, घरासाठी ३० लाखच मिळतात आणि मासिक हप्ता ७८१ रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत त्या ९०,००० च्या विम्यापोटी तुम्ही सुमारे १ लाख ८७ हजार भरता आणि एपीआर ८.५८ वरून जवळपास ९ ला जातो. कर्ज घेताना बँकेकडूनच जीवन विमा घेतला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. कर्जाइतकं विमा संरक्षण असावं हे माझंही मत आहे, पण ती पॉलिसी स्वतंत्र घेता येते, तिचा हप्ता दरवर्षी भरता येतो, आणि कर्ज लवकर फिटलं तरी ती तुमच्या हातात राहते. (घराच्या इमारतीचा विमा ही वेगळी गोष्ट आहे. तारण मालमत्तेचा विमा बँका करारातच मागतात आणि ते रास्त आहे.)

केएफएसचा आणखी एक उपयोग आहे, तो सारांशात एका ओळीत लिहून ठेवा: केएफएसमध्ये नसलेली फी बँकेला कर्जाच्या पूर्ण मुदतीत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. चार वर्षांनी खात्यात एखादी अनोळखी आकारणी दिसली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही केएफएसच्या कुठल्या ओळीत आहे.

व्याज कुठल्या तारखेपासून, तेही इथेच पाहा. व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासून लागलं पाहिजे, मंजुरीच्या किंवा सहीच्या तारखेपासून नाही. काही ठिकाणी उलट चालत होतं, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यावर लेखी ताकीद दिली. धनादेश तयार झाला पण बिल्डरला किंवा विक्रेत्याला दिला गेला नाही, आणि व्याज मात्र सुरू, हा त्यातलाच प्रकार. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात आणि तोवर बऱ्याचदा फक्त व्याज भरावं लागतं, ज्याला प्री-ईएमआय म्हणतात. त्या काळात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही, आणि वीस वर्षं ही त्यानंतर सुरू होतात. ताबा लांबला तर काय, हे विचारून घ्या.

आता दुसरा प्रसंग, दर बदलण्याचा. करारातला सगळ्यात महागडा भाग हाच आहे, आणि पहिल्यांदा कर्ज घेणारा नेमका इथेच '८.५ टक्के' एवढं लिहून पुढे जातो. ८.५ हा तुमचा दर नाही. तो आजचा दर आहे. तुमचा खरा दर म्हणजे एक बेरीज असते आणि सारांशात ती बेरीज उतरवायची असते.

१ ऑक्टोबर २०१९ पासून वाणिज्य बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग दराची किरकोळ कर्जं बाहेरच्या एखाद्या मानक दराला जोडलेली असावी लागतात. बहुतेक बँका रेपो दर घेतात, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर. (गृहवित्त कंपनी किंवा सहकारी बँकेचं कर्ज असेल तर हे बंधन नसतं. तिथे दर संस्थेच्या स्वतःच्या मूळ दराला जोडलेला असू शकतो, आणि तो कधी, किती बदलेल हे तीच ठरवते. दोन प्रस्तावांची तुलना करताना हा फरक पाव टक्क्याच्या सवलतीपेक्षा मोठा आहे.) परिशिष्टात तुमची बेरीज बहुधा तीन थरांची दिसेल. समजा रेपो ५.५, त्यावर बँकेने सगळ्यांसाठी लावलेलं २.६५, आणि त्यावर तुमच्या क्रेडिट स्कोअरनुसार ०.३५. झाले ८.५. पहिला थर रिझर्व्ह बँक हलवते आणि तो बदल किमान तीन महिन्यांतून एकदा तुमच्या कर्जाला लागू व्हायला हवा. दुसरा थर बँकेला तीन वर्षांच्या आत वाढवता येत नाही. तिसरा, म्हणजे जोखमीचा थर, तुमच्या पत मूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलतो, आणि 'मोठा बदल' म्हणजे काय हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. तिथे बँक स्वतःच्या मर्जीने ठरवेल अशा अर्थाचं वाक्य असेल तर खूण करा आणि शाखेत लेखी खुलासा मागा. पगार खातं याच बँकेत ठेवाल या अटीवर सवलत असेल तर नोकरी बदलल्यावर ती जाते, तेही नोंदवा.

दर वाढला की होतं काय, ते आकड्यांत बघू. एक वर्ष तुम्ही नियमित हप्ते भरले. वर्षभरात ३ लाख १२ हजार गेले, पण मुद्दल कमी झालं सुमारे ५९,७०० रुपयांनीच. पहिल्याच हप्त्यातले २१,२५० रुपये व्याजाचे असतात, त्यामुळे हे असंच असतं. आता शिल्लक साधारण २९ लाख ४० हजार आहे, २२८ हप्ते उरलेत, आणि दर एक टक्क्याने वाढून ९.५ झाला. यापुढे तो तिथेच राहिला असं धरू.

बँकेपुढे दोन रस्ते असतात. हप्ता २६,०३५ च ठेवायचा आणि मुदत वाढवायची, हा पहिला. कर्जदाराला महिन्याला काहीच जाणवत नाही, म्हणून संगणकात बहुधा हाच नेमलेला असतो. पण मग २२८ ऐवजी २८५ हप्ते लागतात. म्हणजे जवळपास पावणेपाच वर्षं जास्त, आणि एकूण सुमारे १४ लाख ७७ हजार रुपये जास्त. दुसरा रस्ता मुदत तीच ठेवून हप्ता वाढवण्याचा. तो २७,८९९ होतो, महिन्याला १,८६४ जास्त, आणि शेवटपर्यंत मिळून सुमारे ४ लाख २५ हजार जास्त. दर तोच, कर्ज तेच, तरी दोन रस्त्यांमध्ये साडेदहा लाखांचं अंतर. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांना आपली मुदत वाढली आहे हे वर्षांनंतर, खातेउतारा काढल्यावर कळतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण वेळीच माहीत असतं तर त्यातल्या बहुतेकांना महिन्याला दीड-दोन हजार जास्त भरणं जमलं असतं.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ही निवड तुम्हाला दिली आहे. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की थोडं दोन्ही, हे सांगण्याची संधी बँकेने द्यायची आहे. शिवाय दर तिमाहीला एक विवरण द्यायचं आहे, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतो. सारांशात दोन गोष्टी लिहा: मी काहीच कळवलं नाही तर बँक आपोआप काय करेल, आणि माझी निवड कुठे, किती दिवसांत कळवायची. त्या तिमाही विवरणातला 'उरलेले हप्ते' हा आकडा दर वेळी तीनने कमी व्हायला हवा. तेवढाही कमी झाला नाही तर मुदत वाढली आहे असं समजा, दुसरं काही तपासायची गरज नाही.

मुदत वाढवण्यालाही मर्यादा असते. कराराच्या परिशिष्टात किंवा मंजुरीपत्रात कमाल मुदत आणि कमाल वय असतं, बहुधा निवृत्तीच्या वयाशी बांधलेलं. ती मर्यादा आली की मुदत वाढणं थांबतं आणि हप्ता एकदम उडी मारतो. आणखी एक टोक आहे. तुमच्या उदाहरणात दर १०.७५ झाला तर फक्त महिन्याचं व्याजच २६,३४० होतं, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. मग हप्ता भरूनही कर्ज वाढत जाईल. असं होऊ देऊ नये असं त्याच परिपत्रकात सांगितलेलं आहे, त्यामुळे तिथे हप्ता वाढणारच. म्हणून आजच्या बजेटमध्ये २६,०३५ नाही, निदान २८,००० बसतात का ते पाहा.

तिसरा प्रसंग, हप्ता चुकण्याचा. इथे शब्दांकडे बारकाईने लक्ष द्या, कारण दंडाच्या एका ओळीत तीन गोष्टी दडलेल्या असतात: किती टक्के, कुठल्या काळाला, आणि कुठल्या रकमेवर. तुमचा एक हप्ता वीस दिवस उशिरा भरला गेला असं समजा. 'थकीत रकमेवर दरसाल २ टक्के' असेल तर दंड होतो २९ रुपये. 'थकीत रकमेवर दरमहा २ टक्के' असेल तर साधारण ३४२ रुपये. आणि 'कर्जाच्या शिल्लक रकमेवर दरसाल २ टक्के' असेल तर ३,२०० रुपयांच्या वर. तीनही ठिकाणी घाईत वाचणारा '२ टक्के दंड' एवढंच लिहून घेतो.

पूर्वी हा दंड व्याजदरातच मिळवत असत, आणि मग दंडावरही व्याज चढायचं. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर ते बंद झालं. आता दंड ही स्वतंत्र आकारणी असते, ती मुद्दलात मिसळून तिच्यावर पुढे व्याज लावता येत नाही. मात्र एक गैरसमज होऊ देऊ नका. चुकलेल्या हप्त्याचं नेहमीचं व्याज कराराच्या दराने चालूच राहतं, ते थांबत नाही. करारात अजूनही 'दंडव्याज' हा शब्द आणि वाढीव टक्केवारी असेल तर तो जुना मसुदा आहे. दुरुस्त पान मागा.

दंडापेक्षा जास्त खर्च बहुधा हप्ता परत जाण्याचा होतो. खात्यात पैसे नसताना हप्त्याची स्वयंचलित वसुली परत गेली की कर्ज देणारी बँक आकारणी करते, आणि खातं दुसऱ्या बँकेत असेल तर ती बँकही करते. समजा दोघांचे पाचशे-पाचशे. म्हणजे २९ रुपयांच्या दंडाबरोबर हजार रुपये गेले. त्याच महिन्यात बँकेने पुन्हा वसुली लावली आणि तीही परत गेली तर आणखी हजार. सारांशात लिहा: परत गेल्यावर किती, आणि महिन्यात किती वेळा वसुली लावली जाते. पगार आणि हप्ता यांच्या तारखांमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवून घेणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तारीख ठरवायची वेळ सहीच्या आधीची.

पैसे न भरण्याशिवायही दंड लागू शकतो. घराचा विमा नूतनीकरण केला नाही, नोंदणी झालेली कागदपत्रं मुदतीत जमा केली नाहीत, अशा अटींसाठी परिशिष्टात वेगळी आकारणी असते. नवं घर घेतलेल्यांच्या बाबतीत कागदपत्रांची अट हमखास निसटते, म्हणून तिची तारीख पानावर येऊ द्या.

थकबाकी वाढत गेली तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक थकीत कर्ज, ठरतं. त्यानंतर तारण असलेल्या घराबाबत बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि त्या मुदतीत थकबाकी मिटली नाही तर ताब्याची कारवाई सुरू होते. म्हणून दुसरा हप्ता चुकण्याची चिन्हं दिसली की लगेच लेखी बोला. ९० दिवसांच्या आत बँकेला बरंच काही करता येतं, नंतर तिचेही हात बांधले जातात.

चौथा प्रसंग, लवकर फेडण्याचा. फ्लोटिंग दराचं, व्यक्तीने व्यवसायाशिवाय इतर कारणासाठी घेतलेलं कर्ज मुदतीआधी फेडण्यावर बँकेला शुल्क घेता येत नाही. हे २०१४ पासून आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांसाठी नियम आणखी स्पष्ट झाले आहेत: पैसे कुठून आणले हे बघायचं नाही, आणि अमुक महिने थांबाच अशी अटही घालायची नाही. पण तुमच्या परिशिष्टात 'पहिली तीन वर्षं स्थिर दर, नंतर फ्लोटिंग' असं काही असेल तर फेडण्याच्या दिवशी कुठला दर चालू आहे त्यावर शुल्क ठरतं. स्थिर दराच्या काळात शुल्क लागू शकतं. ते किती, तेवढं लिहून ठेवा.

थोडे थोडे पैसे मध्येच भरायचे असतील तर आणखी एक निवड असते. वर्षानंतर तुम्ही एक लाख भरले आणि मुदत कमी करायला सांगितली, तर सुमारे १८ हप्ते गळतात आणि व्याजात जवळपास ३ लाख ७० हजार वाचतात. तेच पैसे भरून हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याला ८८५ रुपये हलकं वाटतं, पण वाचतात साधारण एक लाख. बँक आपोआप काय करते आणि एका वेळी किमान किती रक्कम घेते, हे विचारा. अर्जावर 'मुदत कमी करावी' असं स्वतःच्या हाताने लिहा.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत आणि तारणाची नोंद काढली गेली पाहिजे. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हे करारात सापडणार नाही, तरी पानावर असू द्या. कागदपत्रं जमा करताना त्यांची यादी आणि पोच घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढे काय परत मागायचं हेच सांगता येणार नाही.

आता तुमचं पान साधारण असं दिसेल. कंसातल्या जागा तुमच्या कागदांवरून भरा.

कर्ज ३० लाख, हातात येणार (…), फरक असल्यास कशाचा. एपीआर (…). व्याज पैसे सुटल्याच्या तारखेपासून.

दर = रेपो + (…) + माझा (…). बदल दर (…) महिन्यांनी. मी काही कळवलं नाही तर (मुदत / हप्ता) वाढेल. मला हवं ते: हप्ता वाढवा. कळवायची जागा आणि मुदत (…). मुदतीची कमाल मर्यादा (…).

हप्ता २६,०३५, तारीख (…), एकूण २४०. दर १ टक्क्याने वाढला आणि मुदत तीच ठेवली तर सुमारे २७,९००.

चुकल्यास: दंड (… टक्के, दरसाल की दरमहा, कुठल्या रकमेवर). वसुली परत गेल्यास (…) अधिक माझ्या बँकेचे (…). कागदपत्रं जमा करायची शेवटची तारीख (…). विमा नूतनीकरणाची तारीख (…).

लवकर फेडल्यास: शुल्क नाही / स्थिर दराच्या काळात (…). भाग भरणा किमान (…), मुदत कमी करून घ्यायची.

सोडायचं काय, तेही विचारलं होतंत. व्याख्या, अधिकारक्षेत्र, नोटिशीचे पत्ते, स्टँपचा मजकूर, सगळं सोडा. दोन कलमं मात्र एकेका ओळीत घ्या. एक, त्याच बँकेतल्या तुमच्या दुसऱ्या खात्यातून किंवा ठेवीतून थकबाकी वळती करून घेण्याचा बँकेचा अधिकार. अडीअडचणीसाठीची ठेव कुठे ठेवायची हे त्यावरून ठरवता येईल. दुसरं, एका कर्जात थकलात तर त्या बँकेची बाकीची कर्जंही थकीत धरण्याचं कलम, जे क्रेडिट कार्डालाही लागू होऊ शकतं.

पान भरताना ज्या जागा रिकाम्या राहतील, त्यांचेच प्रश्न करून शाखेला ईमेलने पाठवा. तोंडी विचारू नका. 'मॅडम, तसं काही लागत नाही' हे उत्तर दहा वर्षांनी कुठल्याच खातेउताऱ्यावर उमटत नाही, आणि तोवर त्या अधिकाऱ्याची दोन-तीनदा बदली झालेली असते. करार आणि केएफएस यांत एखादा आकडा जुळत नसेल तर तो सही आधी दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्तीजवळ बँकेचीही सही असू द्या. सही झाल्यावर भरलेल्या पूर्ण कराराची प्रत, परिशिष्टांसह, घेऊनच निघा. परिशिष्ट कोरं असताना सही मागितली तर करू नका, कारण या सगळ्या उत्तरातले आकडे त्याच पानावर असतात.